चौथ्या दिवसाने सगळा हिशेब चुकवला

सात दिवसांत १,९०० किलोमीटर झाले. पहिल्या तीन दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, रस्ता चांगला होता. चौथ्या दिवसाबद्दल मात्र सांगायलाच हवं.

त्या दिवशी २९० किलोमीटर होते आणि मोबाइलचा नकाशा सात तास दाखवत होता. सकाळी आठला निघालो, मुक्कामी पोचलो रात्री सव्वाआठला. मधल्या ११० किलोमीटरच्या घाटानेच साडेपाच तास खाल्ले. आता माझा हिशेब साधा आहे: घाट तासाला २०, एकेरी रस्ता तासाला ४० आणि स्टीअरिंगवर दिवसाला जास्तीत जास्त सात तास. त्या मापाने हा दिवस दहा तासांचा होता, म्हणजे घाटाच्या पायथ्याशीच मुक्काम करायला हवा होता.

दुसरी चूक पेट्रोलची. पायथ्याशी पंप दिसला, पण टाकी अर्धी होती आणि डॅशबोर्ड २६० किलोमीटर दाखवत होता, म्हणून पुढे गेलो. तो आकडा मागच्या सपाट रस्त्यावरच्या अ‍ॅव्हरेजवरून काढलेला असतो, पुढच्या चढाची त्याला कल्पना नसते. सामानाने भरलेली गाडी पन्नास किलोमीटर चढली तेव्हा १२० उरले होते आणि पुढचा पंप १०५ वर! उतारामुळे निभावलं, एवढंच. अर्ध्यावर आलात की भरा, आणि घाटाआधी तर टाकी फुलच करा.

तो उतारच अंगाशी आला. दमलो होतो, तिसऱ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय. आधी जळका वास आला, मग पेडल मऊ पडून नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. मऊ पेडल म्हणजे ब्रेक ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. दुसऱ्या गिअरवर आणून रुंद जागी थांबलो, गाडी गिअरमध्येच ठेवून चाकाला दगड लावला आणि चाळीस मिनिटं बसून राहिलो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, वाकडी होते. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलवर उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

निघण्यापूर्वी गॅरेजवाल्याने "सगळं ओके" सांगितलं होतं. ओके काय, गाडी धुतली होती! ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग कमी तापमानालाच उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. "ते शेवटचं कधी बदललं?" एवढा एकच प्रश्न विचारा. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना तपासा आणि सामानासकटचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. पंपावरच्या माणसाच्या अंदाजावर जाऊ नका.

पाचव्या दिवशी गाडी हाललीच नाही. ऑइल बदलून घेतलं. निघालेलं काळ्या चहासारखं होतं, चार वर्षांपूर्वीचं.