‘बीसीजी फेल’

लघवीच्या पिशवीच्या कर्करोगावर बीसीजीचे उपचार घेणाऱ्या एका काकांच्या फाइलवर आमच्या एका रेसिडेंटने लिहून टाकलं होतं, ‘बीसीजी फेल’. बायोप्सी अजून लॅबमध्येच होती. काकांच्या मुलाने ते वाचलं आणि मला थेट विचारलं, "म्हणजे आता पिशवी काढावी लागणार ना?"

काकांच्या लघवीच्या पिशवीतली पहिली गाठ हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक पेशींची होती. अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न पोचलेली. अशा गाठीचं काहीतरी मागे राहण्याची शक्यता बरीच असते, म्हणून काही आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खरवडून पाहिली. साफ होती. मग बीसीजी: आठवड्याला एक असे सहा डोस नळीने पिशवीत सोडायचे आणि दोन तास लघवी रोखून धरायची. पुढे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तीन-तीन डोस. शिवाय दर तीन महिन्यांनी दुर्बीण.

पहिल्याच दुर्बिणीत मागच्या भिंतीवर मखमलीसारखा लाल चट्टा दिसला. बीसीजी हा जिवंत पण दुबळा केलेला जंतू. तो पिशवीत दाह पेटवतो, तेव्हाच प्रतिकारशक्ती कामाला लागते. त्यामुळे असा चट्टा औषधाचा की सपाट पसरणाऱ्या कर्करोगाचा, हे नुसतं पाहून ठरवता येत नाही. ठामपणे सांगणारे भेटतात; माझा त्यांच्यावर विश्वास नाही. तुकडा काढला तर निव्वळ दाह निघाला. लघवीतल्या पेशींची तपासणीही स्वच्छ आली.

नवव्या महिन्यात मात्र उजव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाजवळ बारीक देठावर हलणारी, झालरीसारखी गाठ दिसली. ती काढली आणि तळाचा तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवला. हे मी हट्टाने करतो. तळात स्नायूच आला नाही तर गाठ किती खोल गेली ते पॅथॉलॉजिस्ट कुठून सांगणार?

हाय ग्रेड आली असती तर रेसिडेंटचं म्हणणं खरं ठरलं असतं. पुरेसे डोस झाल्यावर सहा महिन्यांच्या आत तशी गाठ उगवली, तर आणखी बीसीजी देण्यात फारसा अर्थ उरत नाही; पिशवी काढण्याचा सल्लाच आधी द्यावा लागतो. लो ग्रेड गाठ बीसीजीचं अपयश धरत नाहीत. काढायची आणि ठरलेले डोस चालू ठेवायचे.

रिपोर्ट लो ग्रेड आला, अस्तरापुरताच. स्नायू साफ. मुलाने सुस्कारा सोडला. काकांनी मात्र विचारलं, "आणि दुसरा रिपोर्ट आला असता तर?"

"पिशवी काढा म्हणालो असतो."

"मला तर काहीच त्रास नाहीये, डॉक्टर. मी नाही म्हणालो असतो."

बाराव्या महिन्याच्या दुर्बिणीची तारीख त्यांना दिली आहे. तेव्हा हाय ग्रेड निघालीच, तर काहीच त्रास नसलेल्या या माणसाला ते कसं पटवायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.