फाटकावरचं नाव

सोमवार

फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला नावानं हाक मारायची म्हटलं की पहिली अडचण येते ती नाव कळण्याची. गणवेशाच्या खिशावर पट्टी असते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये. शर्ट एजन्सीचा असतो. एक माणूस काम सोडून गेला की त्याचा शर्ट पुढच्याच्या अंगावर येतो, पट्टीसकट. छातीवर ‘संतोष’ लिहिलेलं असतं आणि आतला माणूस असतो दत्तात्रय. महिनाभर त्याला कुणी संतोष म्हणत राहिलं तर तो दुरुस्त करत नाही, मान हलवतो. त्यालाही ठाऊक असतं की समोरच्यानं शर्ट वाचला आहे.

म्हणून विचारावं. ‘तुमचं नाव काय? काय म्हणून हाक मारू?’ असे दोन्ही प्रश्न विचारले तर बरं, कारण कागदावरचं नाव आणि घरचे मारतात ती हाक पुष्कळदा वेगळी असते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जे येईल तेच वापरायचं. आडनाव मात्र पहिल्या भेटीत विचारू नये. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ या प्रश्नामागे ‘तुम्ही कोणातले?’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला तो लगेच ऐकू येतो. पहिलं नाव पुरेसं आहे. पुढे काका, दादा, भाऊ काय लावायचं ते वयावरून ठरतं. विशीतल्या मुलाला ‘काका’ म्हणणं हा आदर नव्हे, त्याच्याकडे न बघितल्याची खूण आहे.

मंगळवार

नावं किती शिकायची, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. दोन फाटकांची सोसायटी धरू. बारा-बारा तासांची पाळी, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. दिवसा दोघे, रात्री दोघे, म्हणजे चार झाले. या चौघांना आठवड्याची सुट्टी मिळायची तर आठवड्यातले चार दिवस कुणीतरी पाचवा उभा राहतो. तो रिलिव्हर. उरलेले दिवस तो दुसऱ्या इमारतीत असतो.

आता जो माणूस सकाळी पावणेनऊला बाहेर पडतो आणि साडेसातला परततो, त्याला फक्त दिवसपाळीचेच दोन चेहरे दिसतात, तेही तो ज्या फाटकानं जातो त्यावर अवलंबून. रात्रपाळीचे दोघे त्याच्यासाठी जवळजवळ नसतातच. मग पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं पाळ्या फिरतात आणि तो घरी येऊन म्हणतो, ‘नवीन वॉचमन आलाय.’ तो नवीन नसतो. पंधरा दिवस रात्री हाच जागा होता.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा रात्री नऊच्या सुमाराला, जेवण झाल्यावर शतपावलीला खाली उतरायचं. पावणेआठ ते सव्वाआठ ही वेळ टाळायची. तेव्हा चार्ज देणं-घेणं चाललेलं असतं: किल्ल्या मोजायच्या, बॅटरी आणि शिट्टी पुढच्याच्या हातात द्यायची, पाण्याची मोटर कधी लावली ते वहीत लिहायचं, सही करायची. त्यात कुणी गप्पा मारायला थांबलं की एखादी किल्ली राहून जाते आणि ठपका त्याच्यावर येतो.

पाच नावं फोनमध्ये टिपून ठेवावीत: नाव, फाटक, पाळी. ऐकली तशी टिपावीत. बंगाली माणूस स्वतःचं नाव ‘शुब्रोतो’ सांगतो, आपण लिहिताना ‘सुब्रत’ करतो आणि दुसऱ्या दिवशी तसंच वाचतो. त्यानं उच्चारलं तसं देवनागरीत लिहिलं की काम झालं. नेपाळकडच्या प्रत्येकाला ‘बहादूर’ म्हणायची जुनी खोड आहे. ज्याचं नाव खरोखर बहादूर आहे त्यालासुद्धा ती हाक स्वतःची वाटत नाही, कारण ती आधीच्या सगळ्यांनाही मारलेली असते.

मंगळवारीच, उशिरा

भाषेचं राहिलं. मुंबई-पुण्यात उत्तरेकडच्या रक्षकाशी आपण हिंदीत बोलतो आणि तिथे घोटाळा होतो. आपल्या हिंदीत ‘तुम’ हा सरसकट शब्द आहे. मराठी कानाला तो ‘तुम्ही’सारखा लागतो, त्यामुळे आपण आदरानंच बोलतोय असं वाटतं. अवध किंवा भोजपूर भागातल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र पस्तिशीच्या अनोळखी माणसाच्या तोंडून ‘तुम’ खटकतं. तिथे ‘आप’च हवं. नावापुढे ‘जी’ लावला की ‘आप’ आपोआप येतो, कारण ‘रामजनमजी, तुम’ असं तोंडातून निघतच नाही. ‘भैया’ हा त्यांच्या गावी मायेचा शब्द, पण मुंबईत ‘ए भैया’ म्हणून तो इतका वापरला गेलाय की नाव माहीत असताना तो घेऊच नये.

मराठी रक्षकाशी उलटी चूक होते. भाषा एक असल्यामुळे आपण झटकन अरे-तुरेवर येतो. वय कमी असलं तरी ‘तुम्ही’पासून सुरुवात करावी. त्यानं स्वतःहून ‘अहो, मला तू म्हणा’ म्हटलं तर गोष्ट वेगळी.

नमस्कार कोणता करायचा हेही त्याच्यावर सोडावं. तो ‘राम राम’ म्हणाला तर ‘राम राम’, ‘जय भीम’ म्हणाला तर ‘जय भीम’, सलाम म्हणाला तर सलाम. गुड मॉर्निंग सगळीकडे चालतं, पण त्याचाच शब्द त्याला परत मिळाला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते गुड मॉर्निंगनं उमटत नाही.

गुरुवार

बिघडतं कुठे, तर हाकेनंतरच्या पुढच्या वाक्यात. ‘दत्ताभाऊ!’ आणि लगेच ‘ते पार्सल वर पाठवाल का?’ आठ दिवस असं झालं की नाव ही कामाची घंटा होते. मग नाव कानावर पडताच तो खुर्चीतून अर्धा उठतो, कारण पुढे काम येणार हे त्याला कळलेलं असतं. दिवसभर त्याला येणाऱ्या हाका अशाच असतात: गाडी काढा, टँकर आला, पाणी गेलं, लिफ्ट बंद पडली, कुरिअर आलंय का. नावाची हाक यांतलं काहीच मागत नाही, म्हणून ती वेगळी ठरते. काम असेल तेव्हा काम सांगावंच, त्यात कमीपणा नाही. पण सकाळचं नाव सकाळपुरतं ठेवावं. ‘दत्ताभाऊ, नमस्कार’ म्हणून पुढे चालू लागावं, चार सेकंदांत. फोन कानाला असेल तर बोलू नये, नजर देऊन मान लववावी. फोनवर बोलता बोलता उच्चारलेलं नाव त्याला की फोनवरच्याला, हे त्याला कळत नाही.

दुसरा बिघाड सवलतीचा. ओळख वाढली की पाहुण्यांची नोंद न करता त्यांना आत सोडावं, अशी अपेक्षा लोक नकळत धरू लागतात. त्यानं अडवलं की ‘अहो, मला ओळखता ना?’ असं म्हणतात. चोरी झाली की वही तपासली जाते आणि नोंद नसली तर नोकरी त्याची जाते. त्यामुळे ज्याला नावानं हाक मारतो त्याच्याकडे आपल्या पाहुण्याची नोंद आपण स्वतः उभं राहून करून घ्यावी. यानं त्याचं ओझं जेवढं हलकं होतं तेवढं दिवाळीच्या बक्षिसानंही होत नाही.

आणि एक. तो आपल्याला ‘चारशे दोन’ म्हणून ओळखतो. त्यात त्याची चूक नाही, त्याच्या वहीत आणि ॲपमध्ये आपण तेच आहोत. त्याचं नाव विचारताना आपलंही सांगावं.

लिफ्टमनचं थोडं निराळं. फोर्ट, गिरगाव भागातल्या जुन्या इमारतींत अजून जाळीच्या दाराच्या लिफ्ट आहेत आणि स्टुलावर बसलेला माणूस आहे. तिथे ओलांडून पुढे जाता येत नाही. दोन्ही दारं ओढून बंद होईपर्यंत लिफ्ट हलत नाही आणि वर पोचेपर्यंतचा वेळ दोघांचा असतो. तिथे नावानंतर गप्प राहिलं तरी चालतं. मजला मात्र ‘चौथा’ असा हुकूम सोडल्यासारखा सांगू नये. बहुतेकदा सांगावाच लागत नाही, त्याला तो पाठ असतो.

शनिवार, रात्र

नावानं हाक मारण्याचा खरा उपयोग कळतो तो आजच्यासारख्या दिवशी. शनिवारी सकाळी आठला जो फाटकावर आला, तोच रात्री दहालाही तिथे असेल, तर त्याचा रात्रपाळीचा जोडीदार आलेला नाही. म्हणजे त्याला डबल लागली. रविवारी सकाळी आठला सुटेपर्यंत चोवीस तास होतील. गणवेशाकडे बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सकाळी निळा शर्ट होता, रात्रीही निळा शर्ट आहे. ज्यानं सकाळी ‘दत्ताभाऊ’ म्हटलं होतं तोच रात्री ‘अजून तुम्हीच?’ असं विचारू शकतो.

हे सोसायटीच्या कागदांत सापडत नाही. चार जागा, तीस दिवस, एकशेवीस ड्यूट्या, असं बिल येतं आणि एकशेवीस सह्याही असतात. एकाच माणसानं दोन सह्या केल्या तरी बेरीज तीच येते. मग पहाटे चारला कुणी विमानतळावरून येतं, केबिनमध्ये मान टाकलेला माणूस बघतं, फोटो काढतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं: ‘वॉचमन झोपा काढतात.’ तेव्हा त्याचे वीस तास भरलेले असतात.

अशा रात्री आधी एवढंच विचारावं की जेवण झालं का. डबा एकाच वेळचा आणलेला असतो आणि फाटक सोडून तो खाणावळीत जाऊ शकत नाही. पोळी-भाजी आणि थर्मासभर चहा खाली नेला तर तो रात्री बारानंतर लागतो, आठला नाही.

पुढचं बोलणं सोमवारी, सेक्रेटरींशी. एजन्सीच्या सुपरवायझरला परस्पर फोन करू नये, आणि करावाच लागला तर ‘दत्ताभाऊ म्हणत होते’ असं मुळीच सांगू नये. सुपरवायझरच्या लेखी ती रक्षकानं रहिवाशांकडे केलेली तक्रार ठरते आणि पुढच्या आठवड्यात त्याची साइट बदलते, घरापासून आणखी दोन बस लांब. सेक्रेटरींना म्हणावं, हजेरीच्या वहीत सलग दोन पाळ्यांना एकच सही कितीदा आहे ते मोजा, आणि करारात रिलिव्हर बारा तासांच्या आत पाठवायची अट आहे का ते बघा. सगळं वहीवरून बोलावं. तिथे त्याचं नाव घ्यायचं नाही.