पाच पत्त्यांवरून एक ग्राफ

एमएस्सीच्या सेमिनारसाठी मी ग्राफच्या पुनर्रचनेचा विषय घेतला. ग्राफ म्हणजे इथे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. त्यातला एक शिरोबिंदू त्याला लागलेल्या कडांसकट पुसायचा आणि उरलेलं चित्र एका पत्त्यावर काढायचं. असं प्रत्येक बिंदूचं करायचं, पण बिंदूंना नावं द्यायची नाहीत. या कॅटवरून मूळ ग्राफ एकच निघतो का? केली आणि उलाम या गणितज्ञांचं अनुमान असं की तीन किंवा जास्त बिंदू असतील तर निघतो. सर्वसाधारण सिद्धता अजून नाही.

नावं नसण्याची अट फार महत्त्वाची. नावं असती तर कुठल्याही दोन बिंदूंमध्ये कड आहे की नाही, हे तिसरा बिंदू पुसलेल्या पत्त्यावर सरळ दिसलं असतं आणि प्रश्नच उरला नसता.

सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत जुन्या लग्नपत्रिका पडून होत्या. रूममेटने त्यांच्या कोऱ्या बाजूंवर एका ग्राफचे पाच पत्ते काढले, पिसले आणि म्हणाला, "ओळख." एका पत्त्यावर चौकोन होता. दोन पत्त्यांवर चार बिंदू एका ओळीत तीन कडांनी जोडलेले. उरलेल्या दोनांवर त्रिकोण आणि त्याच्या एका टोकाला शेपटी.

आधी कडा मोजल्या: ४+३+३+४+४ म्हणजे १८. एखादी कड पत्त्यावरून गायब होते ती तिच्या दोन टोकांपैकी एक पुसलं तरच, म्हणजे पाचपैकी तीन पत्त्यांवर ती दिसतेच. १८ भागिले ३, मूळ ग्राफमध्ये ६ कडा. आता सहातून पत्त्यावरच्या कडा वजा केल्या की पुसलेल्या बिंदूची डिग्री, म्हणजे त्याला लागलेल्या कडांची संख्या, मिळते: चौकोनाच्या पत्त्याची २, सरळ ओळींची ३ आणि ३, शेपटीवाल्यांची २ आणि २.

"झालं की मग," रूममेट म्हणाला. चार बिंदूंवर खरंच एवढ्यात झालं असतं. चार बिंदूंचे ग्राफ ११ आहेत आणि ११ जणांच्या डिग्रींच्या याद्या वेगवेगळ्या. पाच बिंदूंवर मात्र ग्राफ ३४ आणि याद्या ३१. कुठेतरी दोन ग्राफ एकाच यादीत बसणार, आणि आमचा ग्राफ नेमका तिथेच होता.

मी चौकोनाचा पत्ता धरला. हा कॅट ज्या कुठल्या ग्राफचा असेल, त्यातून एक बिंदू काढल्यावर चौकोन उरतोच. म्हणजे तो ग्राफ चौकोन अधिक दोन कडांचा एक बिंदू असाच असणार. त्या दोन कडा चौकोनाच्या शेजारच्या कोपऱ्यांना जातील, नाहीतर समोरासमोरच्या. तिसरी शक्यता नाही. शेजारच्यांना गेल्या तर कौलारू घराचं चित्र होतं. समोरासमोरच्यांना गेल्या तर दोन बिंदूंचा एक गट, तीनचा दुसरा, आणि कडा फक्त या गटातून त्या गटात. दोघांच्याही डिग्री ३, ३, २, २, २.

निकाल त्रिकोणाने लावला. गटांच्या ग्राफमध्ये त्रिकोण असूच शकत नाही, आणि शेपटीवाल्या पत्त्यांवर तो समोर दिसत होता. म्हणून घर. किती त्रिकोण, तेही कळतं: त्रिकोणाबाहेरचे दोन बिंदू पुसतानाच तो टिकतो, म्हणजे प्रत्येक त्रिकोण दोन पत्त्यांवर येतो. कॅटमध्ये दोनदा दिसला, म्हणून मूळचा एक.

कड आणि त्रिकोण मोजण्याची ही एकच युक्ती आहे, केलीचा उपसिद्धांत. n बिंदूंच्या ग्राफमधली k बिंदूंची आकृती n−k पत्त्यांवर येते, तेव्हा सगळी मोजदाद n−k ने भागायची. सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, "दोन बिंदू असतील तर?" तिथे कडेसाठी भाजक शून्य होतो. जोडलेले दोन बिंदू घ्या नाहीतर सुटे, दोन्हीकडे एकेका बिंदूचे दोनच पत्ते मिळतात, म्हणून अनुमान तीनपासून सुरू होतं. भाजक शून्य होण्याचीच अडचण सगळे बिंदू वापरणाऱ्या आकृतींनाही येते. त्या थेट मोजता येत नाहीत.

मॅके यांनी संगणकावर १३ बिंदूंपर्यंतचे ग्राफ तपासले आहेत, एकही अपवाद नाही. त्यावर सर म्हणाले, "मग उपसिद्धांतच आणखी ताणून सिद्धता का होत नाही?" याचं उत्तर मी बाणांच्या ग्राफवरून दिलं. कडांना दिशा दिली तरी हीच मोजदाद जशीच्या तशी लागू पडते. तरीही स्टॉकमायर यांनी १९७७ मध्ये अशा दिशायुक्त ग्राफांच्या अनंत जोड्या दाखवल्या, ज्यांचा कॅट एकच पण ग्राफ वेगळे. तेव्हा सिद्धतेत दिशा नसण्याचा उपयोग कुठेतरी करावाच लागेल, आणि केलीच्या मोजणीत तो कुठेच होत नाही.