चार हजार सायन्सवर बेस अडखळला: फॅक्टोरिओच्या मिलीसेकंदांची वही, मे महिना

फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा गेम. मागच्या वेळी माझा बेस, म्हणजे तो कारखाना, मिनिटाला तीन हजार सायन्स पॅक बनवत होता आणि कुरकुरत का होईना, साठच्या जवळ धावत होता. आता चार हजारांवर नेला आणि UPS, म्हणजे सेकंदाला गेमचा हिशोब किती वेळा पुढे सरकतो तो आकडा, 41 वर आला. पडद्यावर सगळं गुळगुळीत सरकतं, माऊस अडत नाही, पण ट्रेन सुस्त चालतात आणि मिनिटाभराचं काम दीड मिनिटात होतं. रायझन 5 5600, 32 जीबी DDR4-3200 रॅम आणि सोबतचा डब्यातलाच कूलर, असं माझं मशीन आहे.

पहिलं मत घरातूनच आलं. भाचा याच मशीनवर शूटर खेळतो. तो म्हणाला, "मामा, मशीन एकदम ठीक आहे ना, मला तर दीडशेच्या वर फ्रेम येऊन राहिले." त्याचं खरंच होतं, आणि माझंही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे नीट उलगडल्याशिवाय पुढचा पैसा खर्च करायचा नाही असं ठरवलं.

शूटरमध्ये प्रोसेसरचं काम फ्रेमला बांधलेलं असतं. माऊस कुठे हलला, मॅपवरचे दहा-वीस खेळाडू कुठे आहेत, कुणाची गोळी कुणाला लागली, आणि मग काय काढायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे द्यायची. सामन्याच्या पहिल्या मिनिटाला जेवढं काम, साधारण तेवढंच चाळिसाव्या मिनिटाला. प्रोसेसर मागे पडला तर फ्रेम कमी होतात, पण सामन्यातला एक सेकंद एक सेकंदच राहतो. म्हणून तिथे सरासरीपेक्षा मध्येच बसणारे झटके जास्त त्रास देतात.

फॅक्टोरिओत पडद्यावर काय दिसतंय याला फारसं महत्त्व नाही. मॅपच्या पार दुसऱ्या टोकाला, कधीच न पाहिलेल्या कोपऱ्यात चालू असलेला प्रत्येक इन्सर्टर, म्हणजे माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात, हिशोबाच्या प्रत्येक पावलाला, म्हणजे टिकला, विचारात घ्यावा लागतो. सेकंदाला 60 टिक, म्हणजे एका टिकला 16.67 मिलीसेकंद. त्यात काम संपलं नाही तर गेम काहीही वगळत नाही, वेळच हळू चालवतो. मल्टिप्लेअरमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर तोच हिशोब तंतोतंत तसाच निघावा लागतो, त्यामुळे कुठला इन्सर्टर आधी आणि कुठला नंतर हा क्रम मोडून चालत नाही. काही भाग वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या समांतर चालणाऱ्या रांगांवर, जातात, पण मोठा वाटा एकामागून एकच होतो. टास्क मॅनेजरवर विसंबू नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी. माझ्याकडे बारा थ्रेड आहेत. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण वापर आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि माणूस समजतो की प्रोसेसर रिकामा बसलाय.

त्या एका थ्रेडचाही बराच वेळ हिशोब करण्यात जात नाही, माल येण्याची वाट पाहण्यात जातो. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात बसून पाहा. गिऱ्हाइकाने मागितलेलं ठाण गादीमागच्या फळीवर असेल तर लगेच समोर येतं, गोदामातून आणायचं असेल तर पोरगा जाऊन येईपर्यंत सगळे बसून राहतात. प्रोसेसरमधली छोटी मेमरी, म्हणजे कॅश, ही ती फळी आणि रॅम हे गोदाम. रॅमपर्यंतच्या एका फेरीला माझ्यासारख्या मशीनवर साधारण 80 नॅनोसेकंद धरा. 16.67 मिलीसेकंदांत अशा एकामागून एक फेऱ्या बसतात सुमारे दोन लाख आठ हजार. प्रोसेसर पुढचा माल आधीच मागवून ठेवतो, म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट नसतं. पण लाखो वस्तू मेमरीत विखुरलेल्या असल्या की हा आकडा डोक्यात ठेवावाच लागतो. शूटरलाही कॅशचा फायदा होतो, पण त्याचं गोदाम सामन्यागणिक वाढत जात नाही.

आता मोजणी. UPS हा आकडा वहीत लिहायच्या कामाचा नाही, कारण तो 60 वर अडकतो. 5 मिलीसेकंदांचा बेस आणि 16 मिलीसेकंदांचा बेस, दोन्ही 60 च दाखवतात. त्यामुळे वाटतं की हळूपणा अचानक आला. तो आधीपासून साचत असतो, फक्त दिसत नसतो. मी प्रत्येक टप्प्याचा सेव्ह वेगळा ठेवतो आणि कमांड लाइनवरून चालवतो. यात चित्र काढलं जात नाही आणि साठची मर्यादाही नसते:

```
factorio.exe --benchmark nagpur-4k.zip --benchmark-ticks 3600 --benchmark-runs 3 --disable-audio
```

3600 टिक म्हणजे गेममधलं एक मिनिट. शेवटी एका टिकला लागलेल्या मिलीसेकंदांचे `avg`, `min`, `max` येतात. मी पहिली फेरी सोडून देतो आणि उरलेल्या दोनची `avg` घेतो. ब्राउझर बंद, गेमची आवृत्ती आणि मॉड तेच, एवढं पाळलं तर माझ्याकडे फेऱ्यांमधला फरक एका टक्क्याच्या आत राहतो. प्रत्यक्ष खेळताना ग्राफिक्सचंही काम असतं, त्यामुळे आकडा थोडा वाईटच मिळतो हे धरून चला.

माझ्या जुन्या सेव्हचे आकडे असे निघाले. हजार सायन्सला 4.6 मिलीसेकंद, दोन हजारांना 9.8, तीन हजारांना 17.1, चार हजारांना 24.2. दर हजारामागे भागून पाहा: 4.6, 4.9, 5.7, 6.05. काम चौपट झालं, वेळ पाचपटीच्या पुढे गेला. तेच ब्लॉक मी जसेच्या तसे छापत गेलो होतो, तरी शेवटचा हजार पहिल्यापेक्षा महाग पडला. बेस वाढला की फळीवर मावेनासा होतो, हे मला या भागाकारातून पहिल्यांदा कळलं.

मे महिना असल्यामुळे एक शंका मात्र होतीच. दुपारी खोलीत कूलर लावूनही उकाडा असतो, आणि प्रोसेसर तापून घड्याळ, म्हणजे स्वतःचा वेग, खाली आणत असेल तर सगळे आकडे वाया. पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला तोच सेव्ह चालवला. पहाटे 4.4 गिगाहर्ट्झ आणि 24.2, दुपारी 4.2 च्या आसपास आणि 24.7. म्हणजे नागपूरचं ऊन यात आहे, पण दोन टक्क्यांपुरतंच. मला जास्त विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने: घड्याळ साडेचार टक्के उतरलं आणि वेळ फक्त दोन टक्के वाढला.

मग मुद्दामच घड्याळ उतरवलं. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के केली की बूस्ट बंद होतो आणि 5600 त्याच्या मूळ 3.5 गिगाहर्ट्झवर येतो. सगळा वेळ हिशोबात जात असता तर 24.2 चे 30.4 व्हायला हवे होते. झाले 26.7. जेवढं वाढायला हवं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. उरलेला वेळ घड्याळावर अवलंबूनच नाही, तो गोदामाच्या फेऱ्यांचा आहे. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि नवीन प्रोसेसर घ्यायच्या आधी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे आकडा जवळजवळ पूर्ण वाढला तर जास्त घड्याळाचा प्रोसेसर उपयोगी पडेल. माझ्यासारखा अर्धवट वाढला तर आधी मेमरीकडे बघा.

मी बघितलं आणि राग आला. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग 2400 होता. बर्डीवरच्या दुकानातून मशीन जुळवून घेतलं तेव्हा 3200 च्या रॅमचे पैसे दिले होते, पण बायोसमध्ये XMP प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, कुणी चालूच केलं नव्हतं. तीन वर्षं मी तसाच खेळलो. शूटरमध्ये कुणाच्या लक्षात आलं नसतं, भाच्याच्या आलंच नाही. प्रोफाइल चालू केलं, मेमरीची चाचणी रात्रभर फिरवली, सकाळी बेंचमार्क: 20.9. काहीही न विकत घेता साडेतेरा टक्के कमी. UPS च्या भाषेत 41 वरून जवळजवळ 48.

धरमपेठेतल्या मित्राकडे 5700X3D आहे. त्याचं बूस्ट 4.1 गिगाहर्ट्झ, माझ्यापेक्षा कमी. पण L3 कॅश 96 एमबी, माझी 32. पेन ड्राइव्हवर दोन सेव्ह घेऊन रविवारी गेलो. XMP चालू केल्यावर माझा हजारचा सेव्ह 4.1 ला चालत होता, त्याच्याकडे 2.4. चार हजारांचा माझ्याकडे 20.9, त्याच्याकडे 15.3. लहान सेव्हवर तो मला सत्तर टक्के मागे टाकतो, मोठ्यावर छत्तीस. फळी कितीही लांब केली तरी बेस शेवटी तिच्याबाहेर जातोच, आणि मग दोघेही गोदामाच्याच दारात उभे. त्यामुळे कुणी लहान सेव्हचा तक्ता दाखवून "दुप्पट वेगवान" म्हणत असेल तर आधी विचारा की सेव्ह केवढा होता. तुमच्या शेवटच्या टप्प्याचं मोजमाप तुमच्या शेवटच्या टप्प्याच्याच सेव्हवर करा.

तो प्रोसेसर मी सध्या घेत नाहीये. आधी बेसमध्ये काय आहे ते पाहतोय. F4 दाबून `show-time-usage` चालू केलं की टिकचा वेळ कुठे जातो ते कोपऱ्यात दिसतं. माझ्याकडे 20.9 पैकी निम्म्याहून जास्त `Entity update` मध्ये होता. वीज जवळजवळ काहीच खात नव्हती, कारण सगळं सोलरवर आहे आणि गेम हजारो पॅनेलचा हिशोब एकत्रच करतो. बेल्टही स्वस्त आहेत. महाग आहेत ते बेल्टवरून धावता माल पकडणारे इन्सर्टर. बेल्ट रिकामा किंवा असेम्बलर, म्हणजे वस्तू बनवणारं यंत्र, भरलेला असेल तर इन्सर्टर झोपतो आणि फुकट पडतो. पण माल थोडा थोडा येत राहिला की तो सतत जागा राहून पाठलाग करतो. माझ्या हिरव्या सर्किटच्या जुन्या ब्लॉकमध्ये तांब्याची तार आधी बेल्टवर जायची आणि तिथून पुन्हा उचलली जायची. दोनदा पकड, दोनदा जाग.

तो ब्लॉक मोडून तारेचे तीन असेम्बलर आणि सर्किटचे दोन असे शेजारी ठेवले, मधला इन्सर्टर थेट एकातून दुसऱ्यात टाकतो, तारेचा बेल्टच नाही. सर्किटच्या बारा ओळींपैकी सात झाल्यात. काल रात्रीचा आकडा 18.9, म्हणजे जवळजवळ 53 UPS. उरलेल्या पाच ओळी याच हिशोबाने गेल्या तर साधारण 17.5 पर्यंत जाईन, 16.67 च्या खाली नाही. मग लाल सर्किटला हात घालावा लागेल, आणि तिथे तारेचं प्रमाण वेगळं असल्यामुळे हीच मांडणी बसत नाही. त्याचा आराखडा कागदावर चाललाय. कुणी लाल सर्किट थेट इन्सर्टरने केलं असेल तर ब्लूप्रिंटसोबत आधीचे-नंतरचे मिलीसेकंद आणि सेव्ह केवढा होता तेही पाठवा.