आमची वाटचाल : भिंतीवरचा चार्ट लांबून वाचता यावा म्हणून

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांची स्टॉक आणि डिस्पॅचची नोंद ठेवून देण्यापासून आमच्या कामाला सुरुवात झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून रोजचे कागद यायचे, आम्ही ते एक्सेलमध्ये चढवायचो आणि महिनाअखेरीला तक्ते छापून द्यायचो. पुढे मालक मंडळी म्हणू लागली, "आकडे राहू द्या, चित्र दाखवा." आज आमचं बरंचसं उत्पन्न याच चित्रांवर आहे. कुणाच्या केबिनमध्ये, कुणाच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये टीव्ही लावलेला असतो आणि त्यावर आमचे चार्ट चालतात.

या कामात आमचा सगळ्यात जास्त वेळ रंगांवर किंवा चार्टच्या प्रकारावर जात नाही. तो जातो उभ्या अक्षावर: किती अंतराने खूण करायची, किती रेषा आखायच्या आणि खुणेशेजारी काय लिहायचं.

एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण सांगतो. बारा महिन्यांची विक्री होती. सर्वांत कमी महिना ११ लाख ८० हजारांचा, सर्वांत जास्त ३७ लाख ४२ हजारांचा. सॉफ्टवेअरने आपोआप अक्ष आखला तो शून्यापासून `4000000` पर्यंत, दर `500000` ला एक खूण. म्हणजे नऊ खुणा, नऊ रेषा आणि शून्यांनी भरलेले आकडे. शेठ खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले आणि बोटाने शून्यं मोजू लागले. त्यांना प्रत्येक स्तंभ किती लाखांचा, एवढंच हवं होतं.

अशा वेळी आधी ठरवायचं की साधारण किती टप्पे हवेत. लांबून बघायच्या पडद्याला चार ते पाच पुरतात. ३७.४२ लाखांना पाचने भागलं की साडेसात लाखांच्या आसपास येतं. हा टप्पा जसाच्या तसा घेतला तर खुणा ७.५, १५, २२.५ अशा पडतात आणि वाचणाऱ्याला पाढा म्हणावा लागतो. म्हणून तो १, २, ५ किंवा १० यांपैकी जवळच्या आकड्यावर नेतात, आणि पुढे हेच आकडे दहाच्या पटीत. संगणक-चित्रणातले संशोधक पॉल हेकबर्ट यांनी १९९० मध्ये ही रीत छोट्या प्रोग्रामच्या रूपात मांडली. त्यांच्या हिशेबात भागाकार दहाच्या पटीत लहान-मोठा करून १ ते १० च्या मध्ये आणायचा; मग तो दीडपेक्षा कमी असेल तर १, तीनपेक्षा कमी असेल तर २, सातपेक्षा कमी असेल तर ५, नाहीतर १०. आपले साडेसात सातच्या वर, म्हणून टप्पा दहा लाखांचा. खुणा ०, १०, २०, ३०, ४०. संपला विषय.

याच आकड्यांचा आग्रह का, तर दहाच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला दोन रेषांमधलं अंतर मनातल्या मनात अर्धं किंवा पाव करता येतं. २० आणि ३० च्या मधोमध पंचवीस हे डोळ्याला लगेच कळतं, आणि स्तंभ त्याच्या थोडा वर असला की सत्तावीस लाखांच्या आसपास, हेही. २१ आणि २८ च्या मधोमध किती, हे सांगायला थांबावं लागतं. पंचविसाचा टप्पाही आपल्याकडे चांगला चालतो, कारण पाव कोटी म्हणजे पंचवीस लाख हे व्यापाऱ्याच्या तोंडी बसलेलं असतं. पण त्यात एक धोका आहे, तो पुढे सांगतो.

आता आकडे. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये संक्षेप म्हणून हजाराला `K` आणि दहा लाखांना `M` येतो. `4M` म्हणजे चाळीस लाख हे आपल्या माणसाला मनात फिरवून घ्यावं लागतं, आणि एकदा फिरवून घ्यावं लागलं की चार्टचा अर्धा उपयोग गेला. एक्सेलमध्ये यावर सोपा उपाय आहे. उभ्या अक्षाच्या `Format Axis` मध्ये `Display units` साठी `100000` निवडायचं आणि शेजारी येणारा `x 100000` हा मजकूर बदलून "लाख रुपये" लिहायचं. तिथेच `Major` मध्ये टप्पा भरायचा, पण मूळ रुपयांत, म्हणजे `1000000`. अक्षावर ०, १०, २०, ३०, ४० एवढंच उरतं.

एकाच अक्षावर लाख आणि कोटी मिसळू नयेत, हे आम्ही कटाक्षाने पाळतो. विक्री सव्वा कोटीपर्यंत जात असेल तर ८० लाख, १ कोटी, १.२ कोटी असं लिहिण्यापेक्षा ८०, १००, १२० लिहावं. बोलताना कुणी शंभर लाख म्हणत नाही हे खरं, पण अक्षावर चढ सलग दिसणं जास्त महत्त्वाचं.

तो धोका असा. टप्पा अडीच लाखांचा आहे आणि आकडे छोटे दिसावेत म्हणून कुणीतरी दशांश काढून टाकले. मग अक्षावर येतं ०, ३, ५, ८, १०. रेषा सारख्या अंतरावर, आकडे मात्र कधी तीनने वाढतात तर कधी दोनने. अर्ध्या लाखाचा टप्पा असला तर ०, १, १, २, २ असं दिसतं. यात आकडेवारी चुकलेली नसते, फक्त लेबल खोटं बोलत असतं, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: शेजारशेजारच्या लेबलांची वजाबाकी करा, ती सगळीकडे एकच आली पाहिजे. दशांश किती ठेवायचे ते टप्प्यावरून ठरवावं, सर्वांत मोठ्या आकड्यावरून नाही. टप्पा अडीचचा तर एक दशांश, किंवा मग टप्पाच पाचाचा घ्यावा. मी स्वतः दुसरा मार्ग पत्करतो.

रेषांच्या दाटीबद्दल ग्राहकांशी आमचं सगळ्यात जास्त बोलणं होतं. शेठ म्हणाले, "महिन्याचं टार्गेट बत्तीस लाखांचं आहे. बारीक रेषा टाका, म्हणजे ओलांडलं की नाही ते कळेल." दोन-दोन लाखांवर रेषा आखल्या असत्या तर एकवीस रेषांच्या जाळीत स्तंभ हरवले असते. त्याऐवजी बत्तीसवर एकच ठळक रेषा ओढली, तिच्या टोकाला "टार्गेट ३२" लिहिलं आणि चालू महिन्याच्या स्तंभावर त्याचा आकडा ठेवला. दहाच्या रेषा मागे फिकट राखाडी, शून्याची तेवढी गडद. स्तंभांच्या चार्टला उभ्या रेषा आम्ही देतच नाही, कारण महिन्याचं नाव स्तंभाखालीच असतं.

छापायच्या चार्टचं गणित थोडं वेगळं. पडद्यावर छान दिसणारी फिकट रेषा झेरॉक्समध्ये नाहीशी होते, म्हणून कागदासाठी ती एक छटा गडद करतो. मोबाइलवर पाठवायच्या चित्रात खुणा आणखी कमी, तीन किंवा चारच.

आडव्या अक्षावर वेळ असेल तर १-२-५ चा नियम बाजूला ठेवावा लागतो. रोजच्या उत्पादनाचा चार्ट दर दहा दिवसांनी खूण करून आखला, तर साप्ताहिक सुट्टीचे खड्डे खुणांशी नेमाने जुळत नाहीत आणि ते बिघाडासारखे दिसतात. दर सोमवारी, म्हणजे सात दिवसांनी खूण केली की प्रत्येक खड्डा दोन खुणांच्या मध्ये त्याच जागी येतो, आणि वेगळ्या जागी पडलेला खड्डा लगेच डोळ्यात भरतो. दिवसाच्या तासांसाठी सहा किंवा आठ तासांचा टप्पा घेतो, कारण चोवीसला दहाने भाग जात नाही. वर्षाचा चार्ट एप्रिलपासून, खुणा एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी.

सध्या सुताच्या भावाच्या चार्टचं काम चालू आहे. तिथे रेषाचित्र असल्यामुळे अक्ष शून्यापासून सुरू करायची गरज नाही. किलोचा भाव २१२ ते २३८ मध्ये फिरत असेल तर २१० ते २४० हा अक्ष आणि दहाचा टप्पा पुरतो. स्तंभांना मात्र ही सवलत नाही, कारण तिथे उंचीच आकडा सांगते: २१० पासून सुरू केलेले स्तंभ २१२ चा भाव नाममात्र आणि २३८ चा चौदापट दाखवतील. हा फरक नव्याने येणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्याच आठवड्यात दोन्ही चार्ट शेजारी ठेवून दाखवतो.