४ तास ६ मिनिटांचं काय करायचं? मॅरेथॉनच्या वेळेचा माझा अनुभव

डिसेंबरात नागपूरला हाफ मॅरेथॉन १ तास ५८ मिनिटांत झाली आणि जानेवारीत मुंबईची फुल होती. साळा कल्याणहून शेवटच्या रेषेपाशी येणार होता. त्याचा फोन आला, "भाऊजी, नेमकं किती वाजता येऊ?" या एका प्रश्नावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. त्याचा राग अजून आहे, म्हणून लिहितो.

अंदाज काढणं सोपं होतं. रीगल यांचं सूत्र बहुतेक धावणाऱ्यांना ठाऊक असतं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८५ पट होतो. माझे ११८ मिनिटं गुणिले २.०८५ म्हणजे २४६ मिनिटं, ४ तास ६ मिनिटं. पण असा एकच आकडा साळ्याला सांगणं म्हणजे त्याला उगाच ताटकळत ठेवणं. मागची आणि पुढची हद्द हवी होती. मी उणे २ टक्के आणि अधिक ८ टक्के धरले. ते का, ते पुढे सांगतो.

कापसाच्या काटापावतीच्या मागे आकडे मांडले आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ४.०६ गुणिले ०.९८ केलं. उत्तर आलं ३.९७८८. म्हणजे ३ तास ९७ मिनिटं? ९७ मिनिटांतला एक तास काढून पुढे टाकला, तर ४ तास ३७ झाले. मग ४.०६ गुणिले १.०८ केलं. ४.३८४८, म्हणजे ४ तास ३८. लवकरची हद्द आणि उशिराची हद्द यांच्यात एका मिनिटाचं अंतर, आणि दोन्ही मूळ अंदाजाच्या अर्धा तास पुढे! पुन्हा केलं, पुन्हा तेच. ज्या वेबसाइटवरून अंदाज काढला होता, तिथे टक्केवारीचा रकाना होता, पण वेळ कशी भरायची याचा एक शब्द नव्हता. तिथेही मी ४.०६ च भरत राहिलो. वेळ ४:०६ लिहिली काय आणि ४.०६ लिहिली काय, डोळ्याला सारखीच दिसते. पण टिंबानंतरचे सहा म्हणजे सहा मिनिटं नव्हेत, तासाचे शंभरातले सहा भाग, जेमतेम साडेतीन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी ४.१ तास धरून केलं, ते बरोबर होतं. पण उत्तर आलं ४.४२८ आणि मी ते ४ तास ४२ वाचलं. जाताना बरोबर गेलो, येताना पुन्हा त्याच खड्ड्यात. खरं तर .४२८ ला ६० ने गुणायचं, २५.७ मिनिटं येतात.

शेवटी तास हा शब्दच सोडला. सगळं मिनिटांत. २४६ गुणिले ०.९८ म्हणजे २४१. २४६ गुणिले १.०८ म्हणजे २६५.७. दोन्हींतून २४० वजा केले: ४ तास १ मिनिट ते ४ तास २६. पाच मिनिटांत झालं. पडताळणीही सोपी आहे. २४६ चा एक टक्का साधारण अडीच मिनिटं. आठ टक्के म्हणजे वीस मिनिटं. मूळ अंदाज आणि उत्तर यांतला फरक त्याच्या आसपास नसेल, तर गणित चुकलं समजा. पाच तासांत धावणाऱ्याचा एक टक्का तीन मिनिटांचा, म्हणून दुसऱ्याची "दहा मिनिटं इकडेतिकडे" उचलू नका.

आता दोन्ही बाजू सारख्या का नाहीत. हे सूत्र हाफपर्यंत चांगलं चालतं, फुलला ते फार आशावादी पडतं. २०१६ च्या एका अभ्यासात साधारण निम्म्या धावणाऱ्यांना या अंदाजापेक्षा दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त लागलेले आढळले. माझ्या २४६ वर दहा मिनिटं म्हणजे चार टक्के. म्हणजे चारपाशी निम्मेच लोक मावतात, म्हणून मी हद्द त्याच्या दुप्पट नेली. शिवाय माझा सराव कालव्याच्या रस्त्यावर, कोरड्या थंडीतला, आणि हाफही तशाच हवेत झालेली. मुंबईत जानेवारीतही हवा दमट, आणि परतीत पेडर रोडचा चढ. लवकर पोचायला मात्र एकच कारण लागतं, सगळं जुळून येणं. म्हणून तिकडे दोनच टक्के.

साळ्याला सांगितलं, "मी सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून चार तासांनी उभा राहा, साडेचारपर्यंत थांब." निम्म्या अंतरासाठीही हद्दी निम्म्या करून मनगटावर लिहिल्या होत्या, २ तास ते २ तास १३. मी २:०५ ला तिथून गेलो आणि गती वाढवायचा मोह आवरला. शेवट ४ तास १९ मिनिटांत झाला, अंदाजापेक्षा सुमारे सव्वापाच टक्के उशिरा. साळा पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

एक सांगायचं राहिलं. हाफची वेळ चिपची घ्या, म्हणजे तुम्ही स्वतः रेषा ओलांडल्यापासूनची, सुरुवातीच्या बंदुकीच्या बारापासूनची नको. माझ्या प्रमाणपत्रावर दोन्ही होत्या, दोन मिनिटांचा फरक. फुलच्या अंदाजात तो चार मिनिटांचा होतो.