बारा मिनिटांतला हरण्या

परिषदेकडून गोषवारा स्वीकारल्याचं पत्र आलं की माणूस दोन दिवस खूश असतो. मग त्याच पत्रातली ‘वेळ १५ मिनिटे, प्रश्नोत्तरांसह’ ही ओळ दिसते. तीन मिनिटं प्रश्नांची, म्हणजे हातात बारा. अडीचशे शब्दांचा गोषवारा मोठ्यानं वाचला तर दोनेक मिनिटांत संपतो. उरलेल्या दहांत काय भरायचं, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं.

रावेरकडची एक विद्यार्थिनी आराखडा घेऊन आली होती. विषय केळीवरचा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणारा रोग. बागेभोवती मक्याच्या ओळी असल्या तर तो कमी पसरतो का, हा तिचा प्रश्न. गोषवाऱ्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तिनं फुगवलं होतं. स्लाइड्स अठरा, त्यांतल्या सात जळगावच्या केळीच्या थोरवीवर. २०१६ चं भौगोलिक मानांकनसुद्धा होतं. मी म्हटलं, “बाई, समोर रोगशास्त्राची माणसं बसणार. त्यांना केळी कशाला विकतेस?”

“सर, पण गोषवाऱ्यात पहिली तीन वाक्यं तीच आहेत ना!”

खरी गोम इथेच असते. गोषवाऱ्यातली जागा आणि भाषणातला वेळ यांचं प्रमाण जुळत नाही. मावा हा रस शोषणारा किडा रोगट झाडाला क्षणभर सोंड लावतो, तेवढ्यात विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो आणि पुढच्या एकदोन झाडांना टोचल्यावर निघूनही जातो. ते पुढचं झाड मका असेल तर केळी वाचते. गोषवाऱ्यात याला अर्धं वाक्य होतं. बोलताना मात्र त्याला एक अख्खी स्लाइड हवी, कारण त्याशिवाय मका कशासाठी हेच कळत नाही.

मग आम्ही शेवटाकडून मांडलं. निकालांना पाच मिनिटं आणि चार स्लाइड्स, एकीवर एकच आलेख. आलेखाचे अक्ष समजावण्यातच पाऊण मिनिट जातं. त्याआधी प्रश्न आणि माव्याची करामत, दोन मिनिटं, दोन स्लाइड्स. बागांची निवड आणि नोंदींची पद्धत, तेवढंच. मर्यादेला एक: हे सगळं पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेत पाहिलंय, पावसाळ्यानंतर लावतात त्या कांदेबागेचं यावरून सांगता येत नाही. निष्कर्षाला एक. झाल्या दहा स्लाइड्स, अकरा मिनिटं. बारावं मिनिट माइक आणि पॉइंटर खातात. घडाच्या खालच्या फण्या कापल्या की वरच्या पोसतात, हे रावेरच्या पोरीला वेगळं सांगावं लागलं नाही.

तालमीत एक स्लाइड दोन मिनिटांवर रेंगाळली. तिच्यात दोन मुद्दे कोंबलेले होते. नोंदींचा मोठा तक्ता काढून निष्कर्षाच्या मागे, राखीव म्हणून ठेवला; कुणी विचारलंच तर दाखवायचा. आणि अध्यक्षांनी ‘दोन मिनिटे’ची पाटी लवकर दाखवली तर निकालातली तिसरी स्लाइड गाळायची, हे घरूनच ठरवून दिलं. ऐनवेळी माणूस नेमका निष्कर्षच गाळतो.

आभाराच्या स्लाइडवर आमचं एकमत झालं नाही. तिनं ती ठेवलीच.